जांभळट पापण्या आणि उठता-बसता जाणवणारी अशक्ती: डर्मॅटोमायोसायटिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर आणि स्नायूंवर उलटते तो डर्मॅटोमायोसायटिस हा आजार क्वचितच दिसतो, पण ज्या घरात निघतो त्या घरातले प्रश्न ठरलेले असतात. त्यातला सगळ्यांत वैतागून विचारलेला प्रश्न हा: "डाग डोळ्यांवर आलेत, मग छातीचा आणि पोटाचा सीटी कशाला?" प्रश्न रास्त आहे, खर्चही थोडा नाही. पण त्याचं उत्तर कळायला आधीचे दोन-चार प्रश्न वाचावे लागतील.

पापण्या जांभळ्या दिसल्या म्हणजे हाच आजार समजायचा का?

नाही. बहुतेक वेळा तो नसतोच. केसांचा डाय, काजळ, नेलपॉलिश, डोळ्यांत घालायचे थेंब, यांतल्या कशाचीही अ‍ॅलर्जी पापण्यांवर उठते, कारण तिथली कातडी शरीरात सगळ्यांत पातळ असते. नेलपॉलिशचं नाव घेतलं की लोक हसतात. पण नखांना काही होत नाही आणि हात डोळ्यांना लागून पापण्याच सुजतात, असं खरंच घडतं. जागरणाची काळी वर्तुळं खालच्या पापणीखाली असतात आणि त्यांना सूज नसते.

डर्मॅटोमायोसायटिसमध्ये रंग मुख्यतः वरच्या पापणीवर, दोन्ही डोळ्यांवर असतो आणि सोबत थोडी सूज असते. पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यांत छान लालसर-जांभळा दिसतो. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर तो करड्या-तपकिरी झाकेचा, वांग्याच्या सालीकडे झुकणारा दिसतो आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तर कळतच नाही. म्हणून मी रुग्णाला खिडकीशी उभं करून बघते.

खाज येते की नाही, यावरून निवाडा करू नका. "खाज आहे म्हणजे अ‍ॅलर्जीच" असं मानलं जातं, पण या आजारातही खाज असते, आणि डोक्याच्या त्वचेला तर कधीकधी झोप उडवणारी. फरक पडतो तो दिवसांत. अ‍ॅलर्जीचं कारण थांबवलं की पंधरा दिवसांत पापणी बरीचशी निवळते. हा रंग महिनोन्‌महिने तळ ठोकून बसतो.

डोळे दाखवायला आलो, तर डॉक्टर हात का बघताहेत?

कारण पापणीपेक्षा हात जास्त खरं सांगतात. मूठ वळल्यावर वर येणारे सांधे असतात ना, नेमके त्यांच्यावर जांभळट, किंचित खवलेदार, चपटे उंचवटे येतात. गॉट्रॉन नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना गॉट्रॉनचे उंचवटे म्हणतात. कोपरांवर आणि गुडघ्यांवरही तसाच रंग येतो. ल्युपस या जवळच्या आजारात बोटांवर डाग येतात, पण ते दोन सांध्यांच्या मधल्या जागेत. सांधे मोकळे सुटतात. इथे उलट. एवढ्या एका गोष्टीवर कित्येकदा निदानाची दिशा ठरते.

त्यानंतर नखाच्या मुळाशी जिथे कातडी नखाला मिळते ती कड बघायची. ती जाड, फाटकी झालेली असते आणि भिंगातून बघितलं तर तिथे लाल ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे फुगून वेड्यावाकड्या झालेल्या केशवाहिन्या. मधेमधे काही वाहिन्या नाहीशाच झालेल्या असतात. हा बिघाड बारीक रक्तवाहिन्यांचा आहे हे इथे डोळ्यांनी दिसतं, आणि स्नायूंच्या आतही तोच प्रकार चालू असतो. त्वचेवरच्या खुणेवरून आत बघायची पहिली पायरी ही.

उन्हाच्या जागाही तपासतो: गळ्याखालचा व्ही आकाराचा भाग, मान, खांद्यांमागे शाल पडते तो पट्टा. ऊन या आजाराला चेतवतं.

आधी सगळे अ‍ॅलर्जीच समजतात, असं का होतं?

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

चोपन्न वर्षांच्या एक काकू. रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेल्या, भर उन्हात दोन-तीन तास उभ्या होत्या, तोंडाला रंग लागला. आठवड्याभरात पापण्या सुजल्या, कपाळ आणि गळा लालसर-जांभळा झाला. इंदूरमध्ये रंगपंचमीनंतर असा चेहरा घेऊन येणाऱ्यांची कमी नसते, त्यामुळे "रंगाची अ‍ॅलर्जी" हे निदान कुणालाही पटण्यासारखंच होतं. खाजेची गोळी आणि स्टेरॉइडचं मलम मिळालं. मलमाने थोडं उतरायचं, सोडलं की परत यायचं. असं करत जून उजाडला. मधल्या काळात मलम संपलं की घरचेच दुकानातून नवी ट्यूब आणायचे. (पापण्यांवर असं महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावल्याने डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.)

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार डागांचीच होती. मी हात बघितले, सांध्यांवर उंचवटे होते. मग विचारलं, "काकू, देवापुढे खाली बसता ना? उठताना कसं उठता?" त्या म्हणाल्या, "अहो, आता कट्ट्याला धरून उठते. वय झालं." सून लगेच म्हणाली, "डॉक्टर, दिवाळीत तर स्वतः फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवत होत्या." सात-आठ महिन्यांत एवढं वय होत नाही.

अशक्तपणा तर सगळ्यांनाच वाटतो. यातला वेगळा कसा ओळखायचा?

थकवा आणि ताकद कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेला माणूस कुरकुरत का होईना उठतो. या आजारात मांड्या, कंबर, दंड, खांदे आणि मान यांचे मोठे स्नायू खरोखर दुबळे होतात आणि ते कामांतून दिसतं. जमिनीवरून किंवा देशी संडासातून उठता येत नाही. जिना चढताना कठड्याला ओढून घ्यावं लागतं. वेणी घालताना हात मधेच खाली येतात. अंथरुणात पडून उशीवरून मान उचलता येत नाही. ही एक फार कामाची परीक्षा आहे, घरी करून बघता येते.

मात्र बटणं लावणं, पेन धरणं, पोळी लाटणं बरेच दिवस ठीक चालतं. मुंग्या नसतात, बधिरपणा नसतो. दुखतंच असंही नाही, आणि दुखत नाही म्हणूनच लोक लांबवतात.

काही जणांत त्वचेच्या खुणा आधी येतात आणि अशक्ती काही महिन्यांनी. काहींत ती येतच नाही. अशांना "स्नायू चांगले आहेत, म्हणजे सौम्य आजार" असं सांगून पाठवणं धोक्याचं आहे. का, ते फुफ्फुसाच्या प्रश्नात येईल.

रिपोर्टात एसजीओटी-एसजीपीटी वाढलेत. लिव्हरचा त्रास आहे का?

काकूंनाही तेच सांगितलं गेलं होतं. मे महिन्यात थकव्यासाठी केलेल्या तपासणीत एसजीओटी १२८ आणि एसजीपीटी ८४ आलं. फॅटी लिव्हर असेल म्हणून तेल-तूप बंद झालं, लिव्हरचं टॉनिक सुरू झालं.

ही दोन्ही एन्झाइम्स यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायू झिजायला लागला की ती रक्तात सांडतात. वेगळं काढायचा मार्ग सोपा आहे. जीजीटी हे एन्झाइम स्नायूंत जवळजवळ नसतं. काकूंचं जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल होतं, म्हणजे यकृतावरचा संशय तिथेच ढिला पडायला हवा होता. मग स्नायूंतलं सीपीके हे एन्झाइम मोजायचं. ते त्यांचं २,८४० आलं. बायकांमध्ये ते साधारण दोनशेच्या आत असतं.

नुसतं सीपीके वाढलं म्हणजे हा आजार, असंही नाही. कोलेस्टेरॉलसाठी घेतलेल्या स्टॅटिनने वाढतं, थायरॉइड मंद असेल तर वाढतं, आदल्या दिवशी जिममध्ये अंगमेहनत केली तरी वाढतं. उलट बाजूने, सीपीके नॉर्मल आहे म्हणून हा आजार नाही, असंही म्हणता येत नाही.

स्नायूचा तुकडा काढावाच लागतो का?

दरवेळी नाही. पापण्या आणि सांध्यांवरच्या खुणा ठसठशीत असतील, ताकद कमी असेल आणि सीपीके वाढलेलं असेल, तर निदानाला सहसा बायोप्सी लागत नाही. खुणा अर्धवट असतील तर त्वचेचा किंवा मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा तपासतात. मांड्यांच्या एमआरआयमध्ये कुठला स्नायू सुजलाय ते दिसतं, म्हणजे तुकडा योग्य जागेवरून घेता येतो. स्टेरॉइडच्या गोळ्या फार दिवस झाल्यावर बायोप्सी केली तर हाती काही न लागण्याची शक्यता वाढते.

धाप लागत नाही, खोकला नाही. मग फुफ्फुसाचा सीटी का?

कारण फुफ्फुसाच्या जाळीला सूज आणि मग चट्टे येण्याचा त्रास या आजारात बऱ्याच जणांना होतो आणि सुरुवातीला तो बोलत नाही. शिवाय ज्या माणसाला जिनाच चढता येत नाही, त्याला धाप लागायची वेळच येत नाही. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा बिघाड सुटून जातो, म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारीक तपशील दाखवणारा सीटी, करतात. सोबत फुंकून करायची फुफ्फुसक्षमतेची चाचणी असते, आणि तीत वायू रक्तात किती सहज शिरतो याचं मोजमाप असलं तर उत्तम.

इथे रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी उपयोगी पडते. "मायोसायटिस पॅनेल" या नावाने ती होते, नमुना बहुधा बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये जातो आणि रिपोर्टाला काही दिवस लागतात. त्यात एमडीए-५ ही अँटिबॉडी निघाली की आम्ही सावध होतो. या रुग्णांत स्नायूंची ताकद बऱ्याचदा चांगली असते, पण बोटांच्या सांध्यांवर जखमा होतात, तळहातावर दुखऱ्या लाल गाठी येतात, केस गळतात, आणि फुफ्फुस काही आठवड्यांत ढासळू शकतं. मघाशी "सौम्य" म्हणून पाठवू नये म्हटलं ते यांच्यासाठी. अशा माणसाला रिपोर्ट येईपर्यंत थांबवत नाहीत, सीटी आधी करतात.

हृदयासाठी ईसीजी आणि इको पुरतो. एवढंच ध्यानात ठेवा की ट्रोपोनिन-टी ही हार्ट अटॅकची चाचणी आजारी स्नायूंमुळेही वाढलेली दिसू शकते. अशा वेळी ट्रोपोनिन-आय जास्त भरवशाची.

आणि कॅन्सरची तपासणी? डॉक्टर घाबरवताहेत का?

घाबरवत नाहीत. प्रौढ वयात हा आजार झालेल्या शंभरांपैकी साधारण पंधरा ते पंचवीस जणांत कुठेतरी कॅन्सर सापडतो. याचा अर्थ बहुसंख्यांना तो नसतो, हेही तितकंच खरं. धोका सगळ्यांत जास्त असतो तो निदानाच्या आगेमागे वर्षभरात; तीन वर्षांनंतर तो बराच उतरतो. बीजकोश, फुफ्फुस, स्तन, आतडी, लसिकाग्रंथी, असे वेगवेगळे कॅन्सर असू शकतात. लहान मुलांच्या डर्मॅटोमायोसायटिसमध्ये कॅन्सरशी असं नातं नसतं, त्यांना सीटीच्या फेऱ्यांत घालू नये.

त्वचा आणि कॅन्सरचा संबंध कसा, याचं आजवरचं सगळ्यांत पटणारं स्पष्टीकरण असं. कॅन्सरच्या पेशींत काही प्रथिनं बदललेली किंवा नको तेवढी तयार होतात. आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चालून जाते. तीच प्रथिनं त्वचेत आणि दुरुस्त होणाऱ्या स्नायूतंतूंतही असतात, मग तो मारा तिकडेही बसतो. टीआयएफ-१ गॅमा ही अँटिबॉडी अशाच एका प्रथिनाविरुद्धची. ती प्रौढांत निघाली, वय चाळिशीपुढचं असलं, गिळायला त्रास असला, तर शोध जास्त कसून घेतात.

म्हणजे नेमक्या कुठल्या तपासण्या?

काकूंची टीआयएफ-१ गॅमा पॉझिटिव्ह आली. मग मान, छाती, पोट आणि ओटीपोट यांचा सीटी झाला, मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची पॅप तपासणी, ओटीपोटाची आतून केलेली सोनोग्राफी, शौचातलं न दिसणारं रक्त आणि बीजकोशाच्या कॅन्सरसाठीची सीए-१२५ ही रक्तचाचणी. पुरुषांत यातल्या बायकांच्या तपासण्यांऐवजी प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्तचाचणी येते. सगळ्यांना सगळं लागत नाही. ज्यांचा धोका कमी त्यांना अंग तपासणं, साध्या रक्तचाचण्या, छातीचा एक्स-रे आणि वयाप्रमाणे नेहमी करायच्या तपासण्या पुरतात.

काकूंचं सगळं स्वच्छ निघालं. घरी पेढे वाटले गेले.

सगळं नॉर्मल आलं, मग पुन्हा का बोलावता?

कारण कॅन्सर त्वचेच्या खुणांनंतर काही काळानेही दिसू शकतो. काकूंची ताकद औषधांनी चांगली परतली. पण पाच-सहा महिन्यांनी स्टेरॉइड कमी करताना पापण्या आणि गळा पुन्हा रंगले, आणि डोस वाढवूनही हटेनात. औषध चालू असताना, उन्हात न जाता आजार असा उसळला की शोध पुन्हा सुरू करायचा. सीए-१२५ आधी नॉर्मल होतं, ते आता वाढलेलं निघालं. दुसऱ्या सीटीत डाव्या बीजकोशात गाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, आणि त्या काळात चेहऱ्यावरचा रंग जो उतरला तो कुठल्याही मलमाने उतरला नव्हता.

सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही. पण पहिली दोन-तीन वर्षं ठरलेल्या तारखेला यायचं, आणि मधे वजन उतरलं, पोट फुगलं, शौचाची सवय बदलली, अंगावरून रक्त गेलं, तर तारखेची वाट बघायची नाही.

स्टेरॉइड घ्यायलाच हवं का? त्याने अंग सुजतं म्हणतात.

सुरुवातीला हवंच. प्रेडनिसोलोन साधारण वजनाच्या प्रत्येक किलोला १ मिलिग्रॅम, रोज सकाळी खाऊन. चार-सहा आठवड्यांनी हळूहळू कमी. स्वतःच्या मनाने एकदम बंद केलं तर जीवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर थांबवलेलं असतं. सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब आणि जुना टीबी बघतात.

स्टेरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून सोबत मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट देतात. मेथोट्रेक्सेटबद्दल मी प्रत्येकाला दोनदा सांगते: ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चिठ्ठी वाचताना चूक होऊन रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. त्वचेसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सनस्क्रीन. आजार हट्टी असेल तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन. ते महाग आहे, पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा स्पष्ट दिसला.

सीपीके आधी उतरतं, ताकद मागून येते. रिपोर्ट सुधारूनही जिना चढवत नाही म्हणून निराश होऊ नका. मात्र सीपीके नॉर्मल राहून मांड्या पुन्हा गळायला लागल्या तर कधीकधी ते स्टेरॉइडचंच करणं असतं. तेव्हा डोस वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो.

व्यायाम चालेल? मालिश?

औषधं सुरू झाल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलका व्यायाम चालतो, किंबहुना हवाच. मालिशने स्नायूंची ताकद येत नाही. बरं वाटत असेल तर हलक्या हाताने करा, पण सुजलेल्या, खाजऱ्या कातडीवर रगडून नको.

हा संसर्गाने पसरतो का? घरातल्या मुलांना होईल?

पसरत नाही. ताट-वाटी, टॉवेल वेगळं करू नका. आईवडिलांकडून मुलांना थेट येणाराही हा आजार नाही.

दाखवायचं कोणाला? मुंबईला जावं लागेल का?

सुरुवात त्वचारोगतज्ज्ञाकडे करा, पुढचं काम संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट बघतात. निदान आणि उपचार इंदूरमध्ये होतात. पहिल्या भेटीला येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, लावत असलेल्या मलमांच्या ट्यूब आणि जुने रिपोर्ट आणा, लिव्हर म्हणून बाजूला ठेवलेलेसुद्धा. आणि पापण्यांचे दिवसाउजेडी, मेकअपशिवाय काढलेले जुने फोटो मोबाइलमध्ये असतील तर दाखवा. रंग कधी सुरू झाला हे त्यांवरून कळतं.

कुठल्या त्रासाला सकाळपर्यंत थांबायचं नाही?

पाणी पिताना नाकातून परत येतंय, घास अडकतोय, जेवताना ठसका लागून खोकला थांबत नाही, आवाज गेंगाणा झालाय: घशाचे स्नायू दुबळे झाल्याची ही चिन्हं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. तोंडाने काही न भरवता रुग्णाला बसतं करून इमर्जन्सीत न्या. आडवं पडल्यावर गुदमरणं, बसल्या जागी धाप, आठवड्याभरात वाढत गेलेला कोरडा खोकला, काळी शौच किंवा स्टेरॉइड चालू असताना चढलेला ताप, यांनाही तेच. तिथे गेल्यावर पहिल्याच वाक्यात आजाराचं नाव आणि स्टेरॉइडचा डोस सांगा.